एकच प्रवास, दोन नोंदी: बुकिंग रेफरन्स आणि तिकीट क्रमांक यांच्या गोंधळाचे एक प्रकरण

विलेपार्ले पूर्वेला आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका ज्येष्ठ दांपत्याच्या बोस्टन-प्रवासाचे हे प्रकरण आहे. मी दादरच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत अनेक वर्षे विमान तिकिटांचे काम पाहतो. परंतु ही तिकिटे आमच्याकडून काढलेली नव्हती. काकांच्या मुलीने ती बोस्टनहूनच, तिकडच्या एका ऑनलाइन एजन्सीच्या संकेतस्थळावरून काढली होती. जाताना मुंबईहून युरोपातील एका मोठ्या विमानतळापर्यंत एका युरोपीय कंपनीचे विमान, तेथून बोस्टनपर्यंत तिच्या अमेरिकी भागीदार कंपनीचे विमान, आणि येताना हाच मार्ग उलट, अशी प्रत्येकी चार उड्डाणे होती. मार्ग साधा होता, पैसे भरलेले होते, आणि तरीही या प्रवासात तीनदा असा प्रसंग आला की काकांना आपले तिकीट अस्तित्वात आहे की नाही, याचीच शंका यावी. तिन्ही वेळा कारण मुळात एकच होते, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रसंग: बुकिंग सापडत नाही

मुलीने पाठवलेली ईमेल काकांनी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली होती. त्या कागदावर चार प्रकारचे क्रमांक होते. सर्वांत वर, ठळक टाइपात, एजन्सीचा स्वतःचा लांबलचक अंकी क्रमांक होता. त्याखाली युरोपीय कंपनीच्या नावापुढे सहा अक्षरांचा एक कोड आणि अमेरिकी कंपनीच्या नावापुढे सहा अक्षरांचा दुसरा कोड होता. अगदी तळाशी, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत, काका आणि काकू यांच्या नावांपुढे प्रत्येकी १३ आकडी तिकीट क्रमांक होता. मूळ कोड बदलून मी येथे युरोपीय कंपनीच्या कोडसाठी `K7QMRX` आणि अमेरिकी कंपनीच्या कोडसाठी `H4TZLP` असे लिहितो.

काकूंसाठी व्हीलचेअर आणि शाकाहारी जेवण सांगायचे होते, म्हणून काकांनी युरोपीय कंपनीचे संकेतस्थळ उघडले आणि जो क्रमांक सर्वांत ठळक होता तोच टाकला. बुकिंग सापडत नसल्याचा संदेश आला. मग त्यांनी तिकीट क्रमांकातील पहिले तीन अंक गाळून उरलेले दहा टाकून पाहिले, कारण त्यांच्या मनात रेल्वेचा पीएनआर होता आणि तो दहा अंकी असतो. पुन्हा तोच संदेश आला. रात्री साडेनऊला ते कागद घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "हे तिकीट खरे तरी आहे ना रे?"

काकांची चूक मला अगदी समजण्यासारखी वाटते. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटात पीएनआर हाच सर्वस्व असतो. डबा-बर्थ पाहायचा, प्रतीक्षा यादी कुठवर सरकली ते पाहायचे, तपासनीसाला दाखवायचे, सर्व त्याच दहा अंकांवर चालते. ज्याने आयुष्यभर हे पाहिले आहे, त्याला विमानप्रवासात आरक्षण आणि तिकीट या दोन स्वतंत्र नोंदी असतात हे कुणी सांगितल्याशिवाय सुचणार नाही.

मी काकांना दीनानाथ नाट्यगृहाचे उदाहरण दिले. पूर्वी फोनवर सांगून प्लॅनवर आपल्या नावाने खुर्ची राखून ठेवता येत असे. प्लॅनवर नाव लिहिले म्हणजे खुर्ची आपल्यासाठी ठेवली गेली, पण दारावरचा माणूस आत सोडत असे तो खिडकीवर पैसे मोजून घेतलेले तिकीट पाहून. विमानाचे बुकिंग म्हणजे तो प्लॅन. कोणता प्रवासी, कोणते विमान, कोणती तारीख, संपर्काचा फोन, जेवण, व्हीलचेअर हे सारे त्या नोंदीत असते आणि सहा अक्षरांचा बुकिंग रेफरन्स, ज्याला पीएनआर असेही म्हणतात, हा त्या नोंदीचा पत्ता असतो. एका बुकिंगमध्ये अनेक प्रवासी असू शकतात, म्हणून काका-काकूंचा कोड एकच होता. तिकीट मात्र पैशांची नोंद आहे. ते प्रत्येक प्रवाशाचे स्वतंत्र असते आणि त्याचा क्रमांक १३ अंकी असतो. त्यातील पहिले तीन अंक तिकीट ज्या विमान कंपनीच्या नावाने निघाले तिचा संकेतांक असतात. एअर इंडियाचा ०९८, एमिरेट्सचा १७६, लुफ्तान्साचा २२०. उरलेले दहा अंक त्या तिकिटाचा अनुक्रम असतात. काकांनी गाळलेले तीन अंक म्हणजे कंपनीची ओळखच होती.

तिकिटाच्या आत 'कूपन' असतात. प्रत्येक उड्डाणाला एक कूपन, आणि एका तिकीट क्रमांकात जास्तीत जास्त चार. हा शब्द कागदी तिकिटांच्या काळातला आहे. तेव्हा काउंटरवर खरोखरच एकेक पान फाडून घेत असत. विमान कंपन्यांची जागतिक संघटना असलेल्या आयाटाने १ जून २००८ पासून आपल्या व्यवस्थेतील कागदी तिकिटे बंद केली, पण कूपन मात्र संगणकात तसेच राहिले. काका-काकूंच्या प्रवासात प्रत्येकी चार उड्डाणे असल्यामुळे चारही कूपन एकाच तिकीट क्रमांकात मावली होती. ही चार कूपन पुढे महत्त्वाची ठरणार आहेत.

मग आम्ही `K7QMRX` आणि आडनाव टाकले, आणि बुकिंग लगेच उघडले. आडनावाच्या रकान्यात मी मुद्दाम फक्त आडनाव टाकले. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या ओळीत स्वतःचे नाव आणि त्यापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, आणि आडनाव वेगळ्या ओळीत. विमान कंपनीच्या नोंदीत ते साधारण पुढीलप्रमाणे बसते. नाव केवळ नमुन्यादाखल आहे.

```
PATIL/SMITA RAMESHMRS
```

तिरप्या रेघेच्या आधी आडनाव, नंतर उरलेली सगळी नावे, आणि शेवटी काहीच जागा न सोडता चिकटलेले 'मिसेस'. हे पाहून अनेकजण दचकतात आणि नाव चुकले म्हणून एजन्सीला फोन करतात. ती चूक नसते, लिहिण्याची पद्धत असते. परंतु संकेतस्थळाच्या आडनावाच्या रकान्यात कुणी पतीचे नाव जोडले, किंवा ज्याच्या पासपोर्टवर आडनावाची ओळ रिकामी आहे त्याने भलतेच काही टाकले, तर कोड बरोबर असूनही बुकिंग उघडत नाही. अशा वेळी अंदाज बांधत बसण्यापेक्षा ई-तिकीट पावतीवर रेघेच्या आधी जे छापले आहे तेच टाकावे. कोडमधील शून्य आणि ओ, एक आणि आय यांच्याकडेही लक्ष द्यावे. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर ते सारखेच दिसतात.

जेवण नोंदवले गेले, व्हीलचेअर नोंदवली गेली, पण आसने निवडायला गेलो तेव्हा बोस्टनच्या उड्डाणावर आसनांचा नकाशाच दिसेना. त्याचे कारण कागदावरचा दुसरा कोड. बोस्टनचे विमान प्रत्यक्षात अमेरिकी कंपनी चालवणार होती. तिच्या संगणकात या प्रवासाची तिची स्वतःची नोंद होती आणि तिचा पत्ता `H4TZLP` हा होता. युरोपीय कंपनीच्या संकेतस्थळावर हा कोड टाकला असता तर काहीच सापडले नसते, आणि अमेरिकी कंपनीच्या संकेतस्थळावर `K7QMRX` टाकला असता तर तेथेही बहुधा तेच झाले असते. आम्ही अमेरिकी कंपनीचे संकेतस्थळ उघडून `H4TZLP` टाकला आणि आसने निवडली. मघाचा एजन्सीचा ठळक क्रमांक केवळ एजन्सीच्या दारातच चालतो. विमान कंपनीला तो ठाऊकच नसतो. तोच सर्वांत मोठ्या टाइपात छापण्याची पद्धत कुणी काढली असेल त्याला माझे हात जोडून नमस्कार आहेत.

निघताना काका म्हणाले, "हा कागद मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय, सगळ्यांना तारीख कळावी म्हणून." तो फोटो त्यांच्याकडून तिथल्या तिथे काढून टाकवला. आडनाव आणि सहा अक्षरे एवढ्यावर जर आम्हाला जेवण बदलता आले, तर ते दुसऱ्या कुणालाही बदलता येते, आणि काही ठिकाणी प्रवासही रद्द करता येतो. बुकिंग कोडला पासवर्डसारखे जपण्याची कुणाला सवय नसते. डिसेंबर २०१६ मध्ये हँबुर्गच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि नेमान्या निकोदियेविच या सुरक्षा-संशोधकांनी हीच कमजोरी जाहीरपणे दाखवून दिली होती. बोर्डिंग पासचा फोटो टाकतानाही कोड झाकून भागत नाही, कारण तो शेजारच्या बारकोडमध्येही असतो.

दुसरा प्रसंग: बुकिंग 'कन्फर्म्ड', पण तिकीट जुन्या विमानाचे

खरा पेच पुढे आला. निघण्याच्या सुमारे पाच आठवडे आधी युरोपीय कंपनीची ईमेल आली. मुंबईचे विमान युरोपातल्या त्या विमानतळावर सकाळी ७.४० ला पोहोचणार होते आणि बोस्टनचे १०.४५ ला सुटणार होते; आता बोस्टनचे ते विमान ८.२५ ला सुटणार होते. पाऊण तासात व्हीलचेअरसह एवढ्या मोठ्या विमानतळावर विमान बदलणे शक्य नव्हते. कंपनीच्या संगणकाने ते ओळखून दोघांना त्याच दिवशीच्या १.३० च्या दुसऱ्या विमानात, म्हणजे वेगळ्या क्रमांकाच्या उड्डाणात, आपणहून हलवले होते. संकेतस्थळावर हा बदल दाखवून खाली 'स्वीकारा' असे बटण होते. काकांनी ते दाबले. बदल स्वीकारला गेल्याचा संदेश आला, बुकिंग उघडल्यावर नवे विमान 'कन्फर्म्ड' दिसू लागले, आणि काकांनी तो विषय मिटला असे धरले.

मला शंका आली ती केवळ सवयीमुळे. मी काकांना त्याच पानावरून ई-तिकीट पावती पुन्हा उतरवून घ्यायला सांगितले. बुकिंगच्या पानावर १.३० चे विमान होते. पावतीवर मात्र तिकीट क्रमांक जुनाच, काढल्याची तारीख जुनीच, आणि दुसऱ्या कूपनवर १०.४५ च्या उड्डाणाचाच क्रमांक होता. प्लॅनवरची खुर्ची बदलली गेली होती, हातातले तिकीट मात्र पहिल्याच प्रयोगाचे होते.

असे का होते, हे नीट समजून घ्यावे. वेळापत्रकातील बदल प्रथम बुकिंगमध्ये उतरतो. तिकिटात तो आणण्यासाठी वेगळे काम करावे लागते. बदल किरकोळ असेल, म्हणजे तेच उड्डाण दहा-वीस मिनिटे मागेपुढे झाले असेल, तर तिकिटाला सहसा हात लावावा लागत नाही. उड्डाणाचा क्रमांक किंवा तारीख बदलली तर मात्र कूपन नव्या उड्डाणाशी जोडून घ्यावे लागते. कधी तिकीट क्रमांक तोच ठेवून कूपनवरचा तपशील बदलता येतो. त्याला आमच्या धंद्यात रीव्हॅलिडेशन म्हणतात. ते बसत नसेल तर जुने तिकीट मोडून नवे काढावे लागते. त्याला रीइश्यू म्हणतात. कंपनीने स्वतः विकलेल्या तिकिटांत हे काम पुष्कळदा यंत्रच करते. परंतु तिकीट बाहेरच्या एजन्सीने काढलेले असेल आणि बदललेले उड्डाण भागीदार कंपनीचे असेल, तर हे काम एजन्सीकडे येऊन पडते, आणि तेथे ते कुणी पाहीपर्यंत पडूनच राहू शकते. प्रवाशाला कोणताही इशारा मिळत नाही, कारण त्याला दिसणाऱ्या पानावर सर्व काही ठीकच दिसते.

हे तसेच राहिले असते तर बहुधा चेक-इनच्या वेळी उघड झाले असते. मुंबईच्या विमानाचा बोर्डिंग पास निघाला असता आणि बोस्टनच्या विमानासाठी काउंटरवर भेटा असे उत्तर आले असते. मग मध्यरात्री टर्मिनल दोनच्या काउंटरवर, मागे रांग खोळंबलेली असताना, तेथील कर्मचाऱ्याने ते दुरुस्त करावे अशी अपेक्षा ठेवावी लागली असती. अनेकदा ते होतेही. पण अमेरिकी कंपनीचे कूपन आणि परदेशातील एजन्सी असताना त्यावर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलीने एजन्सीला फोन केला. एजन्सी म्हणाली, बदल विमान कंपनीने केला आहे, तिलाच विचारा. विमान कंपनी म्हणाली, तिकीट एजन्सीचे आहे, तिलाच विचारा. दोन दिवस ही टोलवाटोलवी चालली. मुलगी दर वेळी विचारत होती की आमचे बुकिंग कन्फर्म आहे ना, आणि समोरचा माणूस दर वेळी पडद्यावर पाहून होय म्हणत होता. तो खोटे बोलत नव्हता. बुकिंग खरोखरच कन्फर्म होते. तिसऱ्या दिवशी मी तिला विचारायचे वाक्य बदलायला सांगितले. तिने एजन्सीला सांगितले की बुकिंगमध्ये दुसरे उड्डाण नवे आहे, तिकिटाचे दुसरे कूपन मात्र जुन्या उड्डाणावर आहे, तेव्हा कंपनीने केलेल्या बदलामुळे दोन्ही तिकिटे कोणतेही शुल्क न घेता रीइश्यू करून द्यावीत. या वेळी फोन तिकीट विभागाकडे गेला आणि त्याच दिवशी काम झाले. बदल प्रवाशाच्या इच्छेने झालेला नसल्यामुळे भाड्यातील फरक मागितला गेला नाही.

संध्याकाळी नव्या पावत्या आल्या तेव्हा काका पुन्हा घाबरले, कारण तिकीट क्रमांक बदलले होते. बुकिंग कोड मात्र `K7QMRX` हाच होता. हेच व्हायला हवे होते. जुन्या क्रमांकातील चारही कूपनवर 'एक्स्चेंज्ड' असा शिक्का पडला, म्हणजे त्यांची किंमत नव्या तिकिटात गेली, आणि नव्या क्रमांकातील चारही कूपन 'ओपन' झाली, म्हणजे वापरायला मोकळी. मी जुना छापील कागद काकांकडून मागून घेतला, कारण विमानतळावर ते तोच पुढे करतील याची मला खात्री होती.

तिसरा प्रसंग: काकूंचे नावच नाही

जाण्याचा प्रवास नीट झाला. परतीच्या तीन आठवडे आधी असे ठरले की मुलीच्या बाळंतपणानंतर काकूंनी आणखी महिनाभर थांबावे आणि काकांनी ठरल्या तारखेला परतावे. मुलीने संकेतस्थळावरून काकूंचीच तारीख बदलून पाहिली, पण एकाच बुकिंगमधील दोघांपैकी एकाची तारीख तेथे बदलता येईना. म्हणून तिने एजन्सीला फोन केला. एजन्सीने तारीख बदलली असून भाड्यातील फरक भरण्यासाठी ईमेल येईल, असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने `K7QMRX` आणि आडनाव टाकले. पान उघडले, त्यावर काका होते, परतीची जुनी तारीख होती, आणि काकूंचे नाव कुठेच नव्हते. मला फोन आला तेव्हा पार्ल्यात संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. पलीकडून काकूंचा आवाज येत होता, "अहो, मला काढून टाकलं की काय यांनी?"

येथे आडनावाने फसवले होते. काका-काकूंचे आडनाव एकच असल्यामुळे जुन्या कोडवर पान बिनतक्रार उघडले. आडनावे वेगळी असती तर काकूंच्या आडनावावर पान उघडलेच नसते आणि काहीतरी वेगळे घडले आहे हे निदान लगेच समजले असते. घडले होते ते असे: दोघांपैकी एकाचीच तारीख बदलायची असेल तर आधी बुकिंगचे दोन भाग करावे लागतात. एक भाग जुन्याच कोडवर राहतो आणि वेगळ्या काढलेल्या प्रवाशाला नवा कोड मिळतो. तो नवा कोड एजन्सीने फोनवर सांगितला नव्हता आणि ईमेल अजून यायची होती.

मी मुलीला म्हटले, कोड सोडून दे आणि काकूंचा तिकीट क्रमांक टाक, रीइश्यू झालेला नवा, सर्व १३ अंक, मध्ये रेघ न देता. या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच रकान्यात बुकिंग कोड किंवा तिकीट क्रमांक यांपैकी काहीही चालत होते. पुष्कळ कंपन्यांकडे ही सोय असते, सर्वांकडे नसते. काकूंचे बुकिंग उघडले. वरच्या कोपऱ्यात नवा कोड होता, खाली परतीची नवी तारीख होती. बुकिंग फोडताना कोड बदलतो, पण तिकीट ज्याचे त्याच्याबरोबर जाते, म्हणून ज्याचा कोड हरवला त्याचा माग तिकीट क्रमांकावरून लागतो. मागच्या प्रसंगात कोड स्थिर राहून तिकीट क्रमांक बदलला होता, या वेळी नेमके उलटे घडले होते.

परंतु त्याच पानावर काकूंच्या नव्या तारखेखाली तिकीट प्रलंबित असल्याची सूचना होती, आणि ही गोष्ट नाव न दिसण्यापेक्षा अधिक तातडीची होती. जागा राखली होती, फरकाचे पैसे भरले नव्हते, आणि अशा राखीव जागेला मुदत असते. मुदत टळली की यंत्र ती जागा सोडून देते, आणि पुढच्या खेपेस तेच भाडे मिळेलच असे नाही. एजन्सीची ईमेल मुलीच्या स्पॅममध्ये सापडली. मुदत त्याच रात्री बारापर्यंत होती. पैसे भरले गेले आणि काकूंना तिसरा तिकीट क्रमांक मिळाला. त्यात दोनच कूपन होती, परतीच्या दोन उड्डाणांची. आधीच्या क्रमांकातील पहिली दोन कूपन वापरलेली म्हणून तशीच राहिली आणि उरलेली दोन 'एक्स्चेंज्ड' झाली. काकांच्या कोडला किंवा तिकिटाला मात्र काहीही झाले नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम तपासून घेतली. बुकिंग फोडताना आणि तारीख बदलताना जेवण, व्हीलचेअर आणि आसन या नोंदी नव्या उड्डाणावर आपोआप जातीलच असे नसते. काकूंच्या नव्या बुकिंगमध्ये जेवण आले होते, व्हीलचेअर आली नव्हती. ती पुन्हा नोंदवली. अमेरिकी कंपनीकडेही काकूंसाठी आता नवा कोड होता. तो एजन्सीकडून मागून घ्यावा लागला, कारण `H4TZLP` वर तेथेही फक्त काकाच उरले होते.

काकू परतल्यानंतर पाचेक आठवड्यांनी काकांनी पाहिले की बोस्टनच्या परतीच्या उड्डाणाचे त्यांचे स्वतःचे माइल्स, म्हणजे प्रवासाबद्दल विमान कंपनी देते ते गुण, खात्यात जमा झालेले नाहीत. त्यांनी `K7QMRX` टाकून पाहिला. काही सापडले नाही. प्रवास संपल्यावर थोड्याच दिवसांत बुकिंग संकेतस्थळावरून दिसेनासे होते, आणि तीच सहा अक्षरे पुढे दुसऱ्याच कुणाच्या बुकिंगलाही मिळू शकतात. माइल्सच्या दाव्याच्या अर्जात बुकिंग कोडचा रकाना नव्हताच. तेथे १३ आकडी तिकीट क्रमांक मागितला होता, आणि या वेळी काकांनी तो पहिल्या तीन अंकांसकट, मला न विचारता भरला.